उणे भेदनमूल्याचा बारावा प्रश्न: बडोद्यातील एका वर्गचाचणीच्या प्रश्नविश्लेषणाचे प्रकरण

बडोद्यातील दांडिया बाजार भागातल्या एका माध्यमिक शाळेत नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी 'गती' या प्रकरणावर वीस गुणांची बहुपर्यायी चाचणी घेतली. दोन तुकड्यांतील मिळून ४८ मुलांनी ती दिली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी यंदापासून प्रत्येक घटक चाचणीबरोबर प्रश्नविश्लेषणाचा अहवाल मागितला होता. त्यानुसार बाईंनी संगणकावर तक्ता तयार केला, प्रत्येक प्रश्नाचे काठिण्यमूल्य आणि भेदनमूल्य काढले, चाचणीचा विश्वसनीयता गुणांक काढला आणि दोन पानांचा अहवाल लिहून तो माझ्याकडे पाहण्यासाठी आणला. शिक्षक प्रशिक्षणात मूल्यमापन हा विषय मी बरीच वर्षे शिकवला असल्यामुळे असे अहवाल अधूनमधून माझ्याकडे येतात. हा अहवाल नीटनेटका होता आणि त्यातील बेरीज-भागाकार बहुतेक बरोबर होते. तरीही त्यातील मुख्य निष्कर्ष चुकीचा होता. तो कसा चुकला आणि कसा सुधारला, हे येथे तपशिलाने मांडतो.

बाईंच्या पहिल्या अहवालाचा निष्कर्ष असा होता: वीसपैकी प्रश्न क्रमांक १, १२ आणि २० यांची भेदनमूल्ये ०.२० पेक्षा कमी असल्यामुळे ते रद्द करावेत. चाचणीची विश्वसनीयता ०.६९ आहे, हे तीन प्रश्न वगळल्यास ती ०.७३ होते, म्हणून उरलेल्या १७ प्रश्नांवरच गुण द्यावेत.

आकडे कसे काढले होते ते आधी सांगतो, कारण अहवालात ही पद्धत लिहिलेली नव्हती आणि ती लिहिणे आवश्यक असते. बाईंनी ४८ मुलांच्या उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावल्या आणि वरच्या २७ टक्क्यांचा व खालच्या २७ टक्क्यांचा असे दोन गट केले. ४८ चे २७ टक्के म्हणजे १२.९६, म्हणून प्रत्येक गटात १३ मुले आली. २७ टक्क्यांची ही प्रथा ट्रुमन केली यांच्या १९३९ सालच्या लेखापासून रूढ झाली. गट लहान ठेवले तर दोन टोकांमधला फरक ठळक होतो, पण आकडे डळमळीत होतात. गट मोठे ठेवले तर याच्या उलट घडते. गुणांची वाटणी प्रसामान्य वक्राच्या जवळ असेल तर २७ टक्क्यांवर या दोन्ही गोष्टींचा चांगला मेळ बसतो. भेदनमूल्य म्हणजे वरच्या गटातील बरोबर उत्तरे वजा खालच्या गटातील बरोबर उत्तरे, भागिले एका गटाची संख्या. काठिण्यमूल्य मात्र बाईंनी सर्व ४८ मुलांवरून काढले होते. बरोबर उत्तर देणाऱ्यांची संख्या भागिले ४८, असा त्यांचा हिशोब होता. बी.एड.च्या कित्येक मार्गदर्शकांत ते फक्त दोन टोकांच्या गटांवरून काढायला सांगितलेले असते. पहिल्या प्रश्नाचे काठिण्यमूल्य एका रीतीने ०.९६ येते आणि दुसऱ्या रीतीने ०.९२. दोन्ही रीती चालतात, पण कोणती वापरली ते अहवालात लिहावेच लागते. आणखी एक गोष्ट वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत सांगून टाकावी. काठिण्यमूल्य हे नाव असले तरी हा आकडा जितका मोठा, तितका प्रश्न सोपा असतो. बाईंच्या अहवालात एके ठिकाणी 'काठिण्यमूल्य जास्त असल्याने अवघड' असे लिहिले गेले होते. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता अहवाल हाती आला की आधी हेच वाक्य शोधतो.

आता बारावा प्रश्न. या प्रकरणाचे मर्म त्याच्यातच आहे. प्रश्नपत्रिका गुजरातीत होती. प्रश्नाचा मराठी आशय असा: एक विद्यार्थी २८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाकार मार्गावर अर्धी फेरी मारतो, तर त्याचे विस्थापन किती? पर्याय होते अ) २८ मीटर, ब) ८८ मीटर, क) ५६ मीटर, ड) १७६ मीटर. उत्तरसूचीत 'ब' लिहिले होते. ब हे उत्तर देणारी मुले १७ होती, म्हणून काठिण्यमूल्य ०.३५ आले. वरच्या गटातील २ मुलांनी आणि खालच्या गटातील ७ मुलांनी ब लिहिले होते, म्हणून भेदनमूल्य उणे ०.३८ आले. बाईंनी त्यासमोर लाल शाईने 'सदोष, रद्द' असे लिहिले होते.

उणे भेदनमूल्य आले की प्रश्न टाकून देऊ नये, तो उघडून पाहावा. एवढ्या ठळक उणे आकड्याचा अर्थ असा होतो की ज्यांना विषय येतो ती मुले एका दिशेने गेली आणि उत्तरसूची दुसऱ्या दिशेने गेली. असे घडण्याची कारणे मोजकीच असतात. उत्तरसूची चुकलेली असते, किंवा दोन पर्याय बरोबर ठरू शकतात आणि हुशार मुलाला दुसऱ्यातला बारकावा दिसतो, किंवा प्रश्नाच्या भाषेत अशी अडचण असते की जास्त विचार करणारे मूलच तिच्यात अडकते. यांपैकी कोणते कारण आहे हे भेदनमूल्याचा आकडा सांगत नाही. ते कळते चारही पर्यायांच्या निवडीवरून. म्हणून मी बाईंना सांगितले, "बाई, या प्रश्नाच्या फक्त बरोबर-चूक खुणा नकोत. कोणत्या मुलाने कोणता पर्याय घेतला, तो तक्ता करा." त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि अर्ध्या तासात पुढील तक्ता तयार झाला.

| पर्याय | वरचा गट (१३) | मधला गट (२२) | खालचा गट (१३) | एकूण |
|---|---|---|---|---|
| अ) २८ मी. | ० | २ | १ | ३ |
| ब) ८८ मी. | २ | ८ | ७ | १७ |
| क) ५६ मी. | १० | ९ | ४ | २३ |
| ड) १७६ मी. | १ | ३ | १ | ५ |

तक्ता पाहताच उत्तर समोर आले. वरच्या गटातील १३ पैकी १० मुले 'क'कडे गेली होती, आणि तेच बरोबर होते. अर्धी फेरी झाल्यावर विद्यार्थी सुरुवातीच्या बिंदूच्या बरोबर समोर असतो, म्हणून विस्थापन म्हणजे व्यास, ५६ मीटर. ८८ मीटर हे अर्ध्या परिघाचे अंतर आहे. उत्तरसूचीने अंतराला विस्थापन मानले होते.

असे कसे झाले, याचा शोध बाईंनी स्वतःच लावला. त्यांनी गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका काढली. त्या वर्षी हाच प्रश्न होता आणि त्यात 'अंतर' विचारले होते. यंदा प्रश्न जरा कठीण व्हावा म्हणून त्यांनी 'अंतर' हा शब्द खोडून 'स्थानांतर' असा केला, कारण गुजरातीत विस्थापनाला स्थानांतर म्हणतात. पर्याय तेच राहिले आणि उत्तरसूची जुन्या फाइलमधून जशीच्या तशी आली. बदललेल्या शब्दाच्या पोटात जुना शब्द तसाच राहिल्यामुळे तपासताना डोळ्यांनाही तो खटकला नाही. प्रश्नपेढीतून प्रश्न काढून एखादा शब्द बदलायचा आणि सूची तशीच ठेवायची, ही उत्तरसूची चुकण्याची अगदी नेहमीची वाट आहे.

उत्तरसूची 'क' अशी दुरुस्त करून सर्व उत्तरपत्रिकांना पुन्हा गुण दिले आणि गट नव्याने बांधले. गट नव्याने बांधणे आवश्यक होते, कारण चुकीच्या सूचीमुळे मुलांचे एकूण गुणही बदललेले होते. आता प्रश्नाचे काठिण्यमूल्य ०.४८ झाले, वरच्या गटात १० आणि खालच्या गटात ३ मुलांचे उत्तर बरोबर निघाले, म्हणजे भेदनमूल्य ०.५४. जो प्रश्न रद्द होणार होता तो या चाचणीतील चांगल्या प्रश्नांपैकी एक ठरला. तो रद्द झाला असता तर आणखी एक नुकसान झाले असते. कोणत्या भागावर किती प्रश्न हे ठरवणाऱ्या बाईंच्या संविधान तक्त्यात अंतर-विस्थापनावर चार प्रश्न होते आणि वक्र मार्गावरील विस्थापन विचारणारा हा एकच होता. तो गेला असता तर अंतर आणि विस्थापन यांतला फरक जिथे खरोखर कसाला लागतो, तोच भाग चाचणीतून गेला असता, आणि अहवालातील कोणत्याही आकड्यात ते दिसले नसते.

पहिल्या प्रश्नाची गोष्ट वेगळी होती. वेगाचे एकक कोणते, असा तो साधा प्रश्न होता. ४८ पैकी ४६ मुलांचे उत्तर बरोबर आले आणि भेदनमूल्य ०.१५ आले. एबल यांची भेदनमूल्याची उतरंड आपल्याकडे सर्वत्र वापरली जाते: ०.४० आणि त्यावर उत्तम, ०.३० ते ०.३९ ठीक, ०.२० ते ०.२९ सुधारण्याजोगा, त्याखाली टाकाऊ. त्या उतरंडीने हा प्रश्न टाकाऊ ठरतो. पण इथे थांबून विचार करावा. चुकलेली मुले दोनच होती आणि ती दोन्ही खालच्या गटात होती. याहून जास्त भेद हा प्रश्न करूच शकत नव्हता. दोनच मुले चुकली असतील तर १३ च्या गटात भेदनमूल्याची कमाल मर्यादा २ भागिले १३, म्हणजे ०.१५ हीच आहे. प्रश्नाने आपल्या परीने शक्य तेवढे सगळे केले होते. वर्गातील संपादन चाचणीत असे एकदोन सोपे प्रश्न असणे योग्य आहे, कारण एकक सर्वांना आले की नाही हे कळणे हाच त्यांचा उद्देश असतो. काठिण्यमूल्य ०.९० च्या पुढे किंवा ०.१० च्या आत असेल तर एबल यांची उतरंड लावू नये, असे माझे मत आहे, आणि सुधारलेल्या अहवालात ते तसे लिहिले.

विसाव्या प्रश्नात मात्र बाईंचा निर्णय बरोबर होता, फक्त कारण निराळे निघाले. वेग-काळ आलेखाखालील क्षेत्रफळावरून विस्थापन काढायचे होते. १२ मुलांचे उत्तर बरोबर होते, म्हणजे काठिण्यमूल्य ०.२५. चार पर्यायांत निव्वळ अंदाजाने उत्तर दिले तर नेमके एवढेच येते. भेदनमूल्य ०.०८ होते. पण खरी खूण वरच्या गटात होती. तिथली १३ मुले चार पर्यायांवर ३, ४, ३, ३ अशी वाटली गेली होती. प्रश्न अवघड असेल तर हुशार मुले सहसा बरोबर उत्तराकडे किंवा एखाद्या ठरावीक चुकीकडे जमतात. ती अशी समान विखुरली असतील तर त्यांना प्रश्न सोडवण्याची संधीच मिळालेली नसते. आम्ही मुलांच्या हातातील प्रत काढून पाहिली. बाईंच्या मूळ छापील पानावर आलेख स्पष्ट होता, पण झेरॉक्स प्रतीत उभ्या अक्षावरील आकडे पांढरे पडले होते. एका प्रतीवर तर एका मुलाने पेन्सिलीने स्वतःचे आकडे घालून गणित केले होते. हा प्रश्न सर्वांसाठी वगळला आणि चाचणी १९ गुणांची केली. आलेखावरचे उरलेले चार प्रश्न शाबूत असल्यामुळे त्या भागाचे फारसे नुकसान झाले नाही.

भेदनमूल्याविषयी आणखी एक गोष्ट अहवालात आली पाहिजे, आणि ती बहुतेक अहवालांत नसते. गटात १३ मुले असतील तर एका मुलाने उत्तर बदलले की भेदनमूल्य ०.०८ ने हलते. सतराव्या प्रश्नात वरच्या गटातील ८ आणि खालच्या गटातील ५ मुलांचे उत्तर बरोबर आले, म्हणून मूल्य ०.२३, एक मूल आणखी बरोबर आले असते तर ०.३१ झाले असते आणि 'सुधारण्याजोगा' प्रश्न 'ठीक' झाला असता. एवढ्या लहान गटांत मध्यम काठिण्याच्या प्रश्नाच्या भेदनमूल्याची प्रमाण त्रुटी साधारण ०.२ च्या आसपास असते. म्हणून ०.२३ आणि ०.३१ यांत फरक आहे असे मानून प्रश्न फिरवत बसू नये. ०.५४ आणि उणे ०.३८ यांतला फरक मात्र कोणत्याही हिशोबाने खरा असतो.

आता विश्वसनीयता. सर्व प्रश्न एक-एक गुणाचे असल्यामुळे बाईंनी कुडर आणि रिचर्डसन यांचे १९३७ सालचे विसावे सूत्र वापरले होते, ते योग्यच होते:

```
KR20 = k/(k-1) × (1 − Σpq / V)
```

यात `k` ही प्रश्नांची संख्या, `p` हे प्रत्येक प्रश्नाचे काठिण्यमूल्य, `q` म्हणजे एक वजा `p`, आणि `V` हे एकूण गुणांचे प्रचरण. बाईंचे उत्तर ०.६९ आले आणि माझे ०.६८. फरक कुठून आला हे शोधायला थोडा वेळ गेला. त्यांनी तक्त्यात `VAR.S` वापरले होते, ज्यात ४८ ऐवजी ४७ ने भाग जातो. `pq` हे मात्र ४८ ने भागलेले प्रचरण आहे. दोन्हीकडे भाजक एकच हवा, म्हणून इथे `VAR.P` घ्यावे लागते. ४८ मुलांत फरक नगण्य असला तरी १५ मुलांच्या तुकडीत तो दिसण्याइतका मोठा होऊ शकतो.

पुढचे आकडे असे. मूळ सूचीवर प्रमाण विचलन ३.४५ आणि विश्वसनीयता ०.६८. बाराव्या प्रश्नाची सूची दुरुस्त केल्यावर प्रमाण विचलन ३.७४ झाले आणि विश्वसनीयता ०.७३. त्यानंतर विसावा प्रश्न वगळल्यावर विश्वसनीयता ०.७४. बाईंच्या मूळ वाटेने, म्हणजे तीन प्रश्न काढून टाकून, ०.७३ येत होती. "सर, मग एवढा खटाटोप कशासाठी? आकडा तर सारखाच आला," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. गुणांकापुरते पाहिले तर दोन वाटांत जवळजवळ काहीच फरक नाही. फरक आहे तो गुणपत्रिकेत. प्रश्न वगळण्याच्या वाटेने विस्थापन बरोबर ओळखणाऱ्या २३ मुलांना त्याचे श्रेय मिळाले नसते, आणि ज्या १७ मुलांनी अंतर आणि विस्थापन एकच मानले त्यांची चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. विश्वसनीयता गुणांक प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढेच सांगतो. ते योग्य गोष्टच मोजत आहेत की नाही हे सांगण्याची जबाबदारी संविधान तक्त्याची आणि उत्तरसूचीची असते.

गुणांकापेक्षा मुख्याध्यापकांना उपयोगी पडणारा आकडा मापनाच्या प्रमाण त्रुटीचा आहे. एक वजा विश्वसनीयता याचे वर्गमूळ काढून त्याला प्रमाण विचलनाने गुणले की ती मिळते. मूळ सूचीवर ती १.९५ गुण होती आणि सूची दुरुस्त केल्यावर १.९३. विश्वसनीयता ०.६८ वरून ०.७३ झाली, तरी एका मुलाच्या गुणांतील अनिश्चितता जवळजवळ तेवढीच राहिली. मुलांमधले अंतर वाढले म्हणून गुणांक वाढला. त्यामुळेच एखाद्या शाळेची ०.८० आणि दुसरीची ०.७० अशी तुलना करताना, त्या वर्गांत मुलांचे गुण किती पसरलेले होते हे पाहिल्याशिवाय बोलू नये.

ही त्रुटी या प्रकरणात प्रत्यक्ष कुठे आली ते सांगतो. शाळेने १० पेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांसाठी शनिवारी पूरक वर्ग ठरवला होता. मूळ गुणांवरून १२ मुलांची यादी झाली होती. दुरुस्तीनंतर तीन नावे बाहेर आली, चार नवी आत गेली आणि यादी १३ ची झाली. पण १९ गुणांच्या चाचणीत प्रमाण त्रुटी १.९ असेल, तर ९ गुण मिळवणारे मूल पूरक वर्गात आणि ११ मिळवणारे बाहेर, असा निर्णय ही चाचणी देऊ शकत नाही. ९, १० आणि ११ गुण असलेली १३ मुले सीमेवर होती. सुधारलेल्या अहवालात त्यांची वेगळी यादी दिली आणि त्यांच्याविषयीचा निर्णय वही पाहून व पाच मिनिटांच्या तोंडी प्रश्नांवरून घ्यावा असे लिहिले. विश्वसनीयता ०.८५ पर्यंत न्यायची असेल तर स्पीअरमन-ब्राउन सूत्राप्रमाणे याच दर्जाचे सुमारे ३८ प्रश्न लागतील. एका तासिकेत ते बसणार नाहीत, म्हणून दोन घटक चाचण्यांचे गुण एकत्र करूनच असे निर्णय घ्यावेत, अशी सूचनाही जोडली.

अहवालाच्या शेवटी बाराव्या प्रश्नाचा पर्याय-तक्ता जसाच्या तसा ठेवला. बाईंना आधी वाटले होते की अंतर-विस्थापनाची गल्लत पूरक वर्गातच सोडवावी. पण 'ब' लिहिणाऱ्या १७ मुलांपैकी ७ खालच्या गटातील होती, ८ मधल्या आणि २ वरच्या. म्हणजे यांतली बरीच मुले त्या शनिवारच्या यादीत आलीच नसती. म्हणून तो धडा दोन्ही तुकड्यांना नेहमीच्या तासाला पुन्हा घ्यायचे ठरले, आणि पुढच्या चाचणीत अर्ध्या फेरीऐवजी पाव फेरीचे विस्थापन विचारायचे, या वेळी उत्तरसूची दुसऱ्या शिक्षकाकडून स्वतंत्रपणे सोडवून घेऊन.